जुना नंबर बंद, ओटीपी येईना: आधारवरचा मोबाइल आणि पत्ता बदलताना कुठे अडतं आणि काय करायचं

कोपरखैरण्यात माझं अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. रोज निदान एक माणूस तरी हातात आधारकार्ड घेऊन येतो आणि म्हणतो, "ओटीपी जुन्या नंबरवर जातोय, तो नंबर बंद झालाय, आता काय?" पॅन, पीएफ, रेशन, लाडकी बहीणची ई-केवायसी, कामं वेगवेगळी असतात, पण गाठ एकच असते. म्हणून इथे फक्त ती गाठ सोडवायचं लिहितोय: आधारवरचा नंबर गेलाय आणि सोबत पत्ताही बदलायचाय. बाकीच्या बहुतेक नोंदी त्यानंतर सरळ होतात. त्यांचं शेवटी थोडक्यात सांगतो.

आधी एक गैरसमज. लोकांना वाटतं, जुना नंबर नाही म्हणजे नवा टाकताच येणार नाही, कारण बदल करायला ओटीपी लागणार आणि ओटीपी जुन्या नंबरवर जाणार. वेबसाइटवर बसून पत्ता बदलायचा असेल तर ही अडचण खरी आहे. आधार केंद्रावर ती नाही. तिथे तुमची ओळख तुमच्या बोटांवरून किंवा डोळ्यांवरून पटवतात, ओटीपीवरून नाही. जुना नंबर कोणी विचारत नाही, तो कुठे गेला हे सांगावं लागत नाही, आणि मोबाइल नंबर बदलायला एकही कागद लागत नाही. आधार क्रमांक आणि तुम्ही स्वतः, एवढंच. आधारच्या मोबाइल ॲपमध्ये नवनव्या सोयी येत असतात, ज्यांना जमतं त्यांनी त्या जरूर वापराव्यात. मी केंद्राच्या रस्त्याबद्दल लिहितोय, कारण तो जुन्या नंबराशिवाय चालतो.

आधी बघा, आधारला नंबर कोणता आहे

हे बघितल्याशिवाय धावपळ करू नका. अर्ध्या लोकांना जो नंबर लागलाय असं वाटतं, तो नसतोच. आधार काढताना शिबिरात कोणीतरी भाच्याचा, शेजाऱ्याचा किंवा सायबरवाल्याचा नंबर टाकलेला असतो आणि दहा-बारा वर्षांत ते विसरून गेलेलं असतं.

myaadhaar.uidai.gov.in वर जा. लॉगिन करू नका, लॉगिनला ओटीपी लागतो. खाली Check Aadhaar Validity असा पर्याय आहे. तिथे आधार क्रमांक आणि चित्रातली अक्षरं टाकली की वयोगट, लिंग, राज्य आणि नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ओटीपी लागत नाही. त्या तीन आकड्यांवरून घरच्या घरी उलगडा होतो. एखादा नंबर मनात असेल तर Verify Email/Mobile या पर्यायात तो पूर्ण टाकून जुळतो का ते पाहता येतं. मोबाइलची जागा रिकामी असेल तर नंबर कधी जोडलाच गेलेला नाही. तरीही रस्ता तोच.

आकडे तुमच्याच जुन्या नंबराचे निघाले, तर पुढचा प्रश्न असा की नंबर गेलाय की फक्त सिम गेलंय. फोन लोकलमध्ये चोरीला गेला, पण नंबर अजून तुमच्या नावावर चालू आहे, अशा वेळी केंद्राच्या रांगेत उभं राहायची गरजच नाही. कंपनीच्या गॅलरीत ओळखपत्र घेऊन जा आणि त्याच नंबरचं दुसरं सिम घ्या. फोन हरवल्याची पोलिसांकडची नोंद सोबत ठेवलेली बरी, बऱ्याच गॅलऱ्या ती मागतात. इथे एक गोष्ट लोकांना घाबरवते. नवं सिम चालू झालं, फोन लागतो, पण ओटीपी येत नाही. हा बिघाड नाही. सिम बदलल्यावर पहिले 24 तास त्या नंबरवर एसएमएस बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा नियम आहे, म्हणजे कोणी तुमच्या नावाने सिम काढून लगेच बँक साफ करू नये. दुसऱ्या दिवशी करून बघा.

सिम दुसऱ्याच्या नावावर असेल तर मात्र गॅलरी तुम्हाला ते देणार नाही. आणि नंबर बराच काळ बंद असेल तर तो परत मिळेल अशी आशा धरू नका. प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही आणि त्यात शिल्लक नसेल तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झाल्यावर आणखी किमान 90 दिवस गेले की तो नंबर नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे गावी कपाटात ठेवलेलं सिम वर्षभराने घालाल, तर तो नंबर तोवर कुणा अनोळखी माणसाच्या खिशात असू शकतो, आणि तुमचे ओटीपीही त्याच्याकडे जात असतात.

म्हणून एक काम आधारच्याही आधी करा: बँक. बँकेतला मोबाइल नंबर आणि आधारवरचा नंबर या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. बँकेत पासबुक, ओळखपत्र आणि सही घेऊन शाखेतला अर्ज भरला की काम होतं, आधारचं होईपर्यंत थांबायचं कारण नाही. पैसे जायची भीती तिथे आहे, तेव्हा पहिली फेरी तिकडे.

एक प्रकरण, सुरुवातीपासून

सेक्टरमधल्या एक मावशी, वय सत्तरीच्या पुढे. यजमान गेल्यावर चिपळूणहून लेकाकडे कोपरखैरण्याला आल्या. आधारवर पत्ता चिपळूणचा, आणि मोबाइल कोणता, कोणालाच माहीत नाही. लेक म्हणाला, "आईचा जुना बीएसएनएलचा नंबर असेल." बघितलं तर शेवटचे तीन आकडे त्या नंबराचे नव्हते, यजमानांच्याही नंबराचे नव्हते. बऱ्याच विचारानंतर मावशींनाच आठवलं, "अहो, शिबिर होतं तेव्हा पुतण्या होता ना सोबत!" पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, ते सिम कधीच फेकलं. म्हणजे सिमचा रस्ता संपला आणि केंद्र हाच पर्याय उरला.

लेकाचा विचार असा होता की एकाच फेरीत मोबाइल आणि पत्ता दोन्ही बदलून टाकू. पैशांच्या दृष्टीने ते बरोबर आहे. नाव, पत्ता, मोबाइल अशा माहितीतले बदल एका विनंतीत एकत्र केले तर शुल्क एकदाच लागतं. ऑक्टोबर 2025 पासून ते 75 रुपये आहे, आधी 50 होतं. बोटांचे ठसे किंवा डोळे नव्याने नोंदवायचे असतील तर 125 रुपये, आणि त्याच वेळी मोबाइल किंवा पत्ता बदलला तर त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मी त्यांना दोन्ही एकत्र करू दिलं नाही. कारण पत्त्याचा कागद. वीजबिल लेकाच्याही नावावर नव्हतं, घर भाड्याचं, बिल मालकाच्या नावावर. भाडेकरार नोंदणीकृत होता, पण लेकाच्या नावावर, त्यात मावशींचं नाव कुठेच नाही. त्यांच्या स्वतःच्या नावाचा कोपरखैरण्याचा एकही कागद नव्हता. अशा वेळी कच्चा कागद जोडून दोन्ही बदल एकाच विनंतीत पाठवले, तर पत्त्यापायी सगळी विनंती नाकारली जाण्याचा धोका असतो आणि महिनाभर मोबाइलही लटकतो. पत्त्याचा कागद पक्का असेल तरच दोन्ही एकत्र करा. थोडीशी जरी शंका असेल तर आधी एकटा मोबाइल. तो लागला की पत्ता घरबसल्या करता येतो. जास्तीचे 75 रुपये जातात, पण डोकेदुखी वाचते.

केंद्रावर

केंद्र शोधताना कॉलनीतल्या प्रत्येक "आधार" पाटीवर विश्वास ठेवू नका. माझ्यासारख्या सेवा केंद्रांपैकी बहुतेकांना आधारमध्ये बदल करायचा अधिकार नाही. आम्ही अर्ज भरून देतो, प्रिंट काढून देतो. बदल होतात ते ठरावीक बँक शाखांत, टपाल कार्यालयांत, पालिकेच्या किंवा आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या, स्वतःच्या केंद्रांत. uidai.gov.in वर Locate an Enrolment Center मध्ये पिनकोड टाकून यादी मिळते. जायच्या आधी फोन करा, मशीन बंद असल्याचं तिथे पोचल्यावर कळणं ठाणे-नवी मुंबईत नवीन नाही. प्राधिकरणाच्या आधार सेवा केंद्राची वेळ ऑनलाइन घेता येते. वेळ घेताना जो ओटीपी येतो तो तुम्ही तिथे टाकाल त्या कुठल्याही चालू नंबरवर येतो, आधारला लावलेल्याच नंबरवर नाही. ओटीपी हा शब्द बघूनच पुष्कळ जण तिथून परत फिरतात.

आजारी किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर टपाल कार्यालयात विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या माध्यमातून पोस्टमन घरी येऊन मोबाइल नंबर बदलून देतात, ही सोय 2021 पासून आहे. पण ती मोबाइलपुरती, पत्त्याचं काम तिथे होत नाही.

नवं सिम फोनात घालून, चालू करून, फोनासकट न्या. काही ठिकाणी नव्या नंबरवर लगेच ओटीपी पाठवून खात्री करतात. सिम लेकाच्या फोनात आणि लेक ऐरोलीला कामावर, असं चालत नाही. नंबर स्वतःचाच असावा असं बंधन नाही, एकाच घरातल्या दोन-तीन आधारना एक नंबर लावता येतो. पण सुनेचा किंवा नातवाचा नंबर लावायचा तर विचार करून लावा. तो बदलला की ही सगळी यात्रा पुन्हा.

मावशींचं अडलं ते बोटांवर. आयुष्यभर भांडी, धुणं, शेतातलं काम. ठसे झिजलेले. मशीनवर बोट ठेवलं की लाल. ऑपरेटर पोरगा चांगला होता, म्हणाला, "आजी, बोट कपाळाला घासा आणि ठेवा." ही युक्ती सगळीकडे चालते आणि तिला कारणही आहे. कोरड्या कातडीवर रेघा उठत नाहीत, कपाळाच्या तेलकटपणाने त्या जरा उठतात. दहाही बोटं फिरवून झाली, तरी जुळेना. तेव्हा डोळ्यांनी करायला सांगायचं. बुबुळाचं मशीन प्रत्येक आधार नोंदणी संचात असतं, पण रांग मोठी असली की ते बाहेर काढलं जात नाही, मागावं लागतं. मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून लेकाला धास्ती होती. चष्मा काढून, डोळे नीट उघडे ठेवून एकदा हललं, दुसऱ्यांदा जुळलं.

तुमचे ठसे वारंवार नापास होत असतील, रेशन दुकानातही, बँकेतही, तर त्याच वेळी 125 रुपये भरून ठसे आणि डोळे नव्याने नोंदवून घ्या. मोबाइलचा बदल त्यातच होऊन जातो. मावशींना मी नंतर हेच सांगितलं, पण त्या म्हणाल्या, "आता पुन्हा नको रे बाबा."

आणखी एक प्रकार आहे, क्वचित दिसतो पण दिसला की सगळे गोंधळतात. बोटं चांगली, मशीन चांगलं, तरी बँकेत किंवा रेशनवर 330 असा आकडा येऊन नकार येतो. याचा अर्थ ठसे जुळत नाहीत असा नाही. तुम्ही किंवा घरातल्या कोणी कधीतरी सुरक्षेसाठी आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवलेत. ते वेबसाइटवर उघडायला ओटीपी लागतो आणि ओटीपी जुन्या नंबरवर. अशा वेळी आधार केंद्रावर आधीच सांगा की लॉक आहे, ते तिथे उघडून घेता येतं. नाहीतर ऑपरेटर बोटं पुसून पुसून दमतो.

आता सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं. ऑपरेटर माहिती भरतो तेव्हा तुमच्याकडे तोंड असलेला दुसरा स्क्रीन असायला हवा. त्यावर नवा मोबाइल नंबर एकेक आकडा बोलून तपासा. 6 चा 9, दोन आकड्यांची अदलाबदल, हे रोज होतं, आणि एका चुकीच्या आकड्याने तुमचं आधार सरळ परक्याच्या फोनला जोडलं जातं. स्क्रीन तुमच्याकडे वळवलेला नसेल तर वळवायला सांगा. सही करायच्या आधी छापलेल्या कागदावर परत बघा. त्याच वेळी नाव आणि जन्मतारखेला चुकून हात लागलेला नाही ना, तेही बघून घ्या.

पावती घेतल्याशिवाय उठू नका. तिच्यावर शुल्क लिहिलेलं असतं. त्याहून जास्त मागितलं तर देऊ नका आणि 1947 वर कळवा, हा आधारचा टोल फ्री नंबर आहे. पावतीवर नोंदणी क्रमांक आणि शेजारी तारीख-वेळ सेकंदांसकट छापलेली असते. तो साधा छापील तपशील वाटतो, पण स्थिती तपासताना तोच लागतो. चौदा आकड्यांचा क्रमांक आणि चौदा आकड्यांची तारीख-वेळ मिळून 28 आकडे होतात. नुसता क्रमांक टाकला किंवा तारीख साइटने मागितलेल्या क्रमाने टाकली नाही, की "नोंद सापडत नाही" असं येतं आणि लोकांना वाटतं अर्ज गेलाच नाही. पावतीचा फोटो काढून ठेवा. तो कागद काही महिन्यांत पांढरा पडतो.

नंतर काय दिसतं

मोबाइलचा बदल बहुधा काही दिवसांत होतो, अधिकृत मुदत 30 दिवसांपर्यंत धरलेली आहे. झालं की नव्या नंबरवर संदेश येतो. संदेशाची वाट बघत बसण्यापेक्षा मी सुरुवातीला सांगितलेलं Check Aadhaar Validity पुन्हा उघडून बघायला सांगतो. शेवटचे तीन आकडे बदलले की झालं. मावशींचं तसंच कळलं. संदेश नंतर आला, आकडे आधी बदलले.

आकडे बदलत नसतील तर Check Enrolment & Update Status मध्ये पावतीवरचे आकडे टाका. प्रक्रिया चालू असं दिसत असेल तर थांबा. मध्येच दुसऱ्या केंद्रावर जाऊन दुसरी विनंती टाकू नका. त्याने घाई होत नाही, गुंता होतो. नाकारलं असं दिसलं तर कारण वाचा आणि 1947 वर पावतीसकट विचारा. 30 दिवस उलटून गेले आणि काहीच हलत नसेल तर help@uidai.gov.in वर पावतीचा फोटो जोडून लिहा. फोनवर जे तोंडी सांगतात त्यापेक्षा लेखी तक्रारीचा क्रमांक हातात असलेला बरा.

नंबर लागला की त्याच दिवशी लॉगिन करून एक गोष्ट बघा: Authentication History. मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे, कसं वापरलं गेलं ते तिथे दिसतं. जुना नंबर परक्याकडे गेलेला होता, तर मधल्या काळात ओटीपीने काही झालंय का ते इथे कळतं. मावशींच्या यादीत रेशन दुकानाच्या नोंदींशिवाय काही नव्हतं.

आता पत्ता

मावशींच्या स्वतःच्या नावाचा कागद नव्हता, म्हणून कुटुंबप्रमुखाच्या आधारावर पत्ता बदलायचा पर्याय घेतला. जानेवारी 2023 पासून तो वेबसाइटवर आहे आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या आई-वडिलांसाठी, नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनांसाठी यापेक्षा सोपं काही नाही. लॉगिन मावशींच्या आधारने, म्हणजे ओटीपी त्यांच्या नव्या नंबरवर. Address Update मध्ये Head of Family (HOF) based Address Update निवडायचं, लेकाचा आधार क्रमांक टाकायचा, नातं दाखवणारा कागद चढवायचा, पैसे भरायचे. त्यांच्याकडे जुन्या शिधापत्रिकेत दोघांची नावं होती, तीच चालली. नात्याचा कागदच नसेल तर कुटुंबप्रमुखाने ठरावीक नमुन्यात स्वयंघोषणा द्यायची असते.

इथे दोन ठिकाणी लोक घसरतात. पहिलं, लेकाच्या आधारवर कोपरखैरण्याचा पत्ता आधीच असायला हवा. जो पत्ता त्याच्या आधारवर आहे तोच आईच्या आधारवर जातो. लेकाचं आधार अजून चिपळूणचं असेल तर आधी त्याचं काम करा. नोंदणीकृत भाडेकरार लेकाच्या नावावर होता, म्हणून ते सोपं गेलं. दुसरं, विनंती टाकली म्हणजे काम झालं नाही. लेकाला संदेश येतो आणि त्याने 30 दिवसांच्या आत स्वतःच्या आधारने लॉगिन करून होकार द्यावा लागतो. संदेश जाहिरात समजून दुर्लक्षिला जातो, दिवस निघून जातात, विनंती बंद होते आणि पैसेही परत मिळत नाहीत. मी तर होकार देऊन होईपर्यंत लेकाला खुर्चीवरून उठू देत नाही.

स्वतःच्या नावावर कागद असेल तर हे काहीच करावं लागत नाही. महावितरणचं तीन महिन्यांच्या आतलं बिल, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार, यातलं एक चढवलं की झालं. नोटरी केलेला साधा करार चढवून नाकारलं गेलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता करार बघताना आधी नोंदणी क्रमांक शोधतो. बिलावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. कळवा-मुंब्रा भागात वीजबिल टोरंटचं येतं, त्यालाही हेच नियम.

पत्ता लिहिताना इमारतीचं नाव, सेक्टर, नोड नीट लिहा. नवी मुंबईत "सेक्टर 5" प्रत्येक नोडमध्ये आहे. पिनकोडच्या यादीतून टपाल कार्यालय निवडताना चुकीचं निवडलं की पत्ता वाशीचा आणि घर कोपरखैरण्यात, असं कार्डावर छापून येतं.

बाकीच्या नोंदी, थोडक्यात

आधारचा नंबर लागला की पॅनचं सोपं होतं. प्राप्तिकराच्या पोर्टलवर पासवर्ड विसरला असेल तर आधार ओटीपीने नवा ठेवता येतो, मग प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाइल बदला. तिथे ओटीपी नव्या नंबरवर येतो. पॅनमधला पत्ता आधारच्या ई-केवायसीने आधारप्रमाणे करून घेता येतो, म्हणून आधी आधारचा पत्ता, मग पॅन. उलट केलं तर दोनदा काम.

पीएफमध्येही हाच क्रम. यूएएनचा पासवर्ड नव्याने ठेवताना जुन्या नंबरवर ओटीपी नको म्हणून नाव, जन्मतारीख आणि आधार टाकायचा पर्याय असतो. तिथे नाव आधारसारखंच नसेल तर अडतं, आणि तो तिढा मोबाइलचा नसून नावाचा असतो. तो बऱ्याचदा कंपनीमार्फत सोडवावा लागतो.

मतदार यादीचं काम वेगळ्या पोर्टलवर होतं. voters.eci.gov.in वर नव्या नंबरने खातं उघडा आणि नमुना 8 भरा. ऐरोली आणि बेलापूर हे वेगवेगळे विधानसभा मतदारसंघ आहेत. कोपरखैरण्यातून नेरूळला गेलात तर मतदारसंघच बदलतो, पण 2022 पासून त्यासाठीही नमुना 8 च चालतो.

गाडीचं सगळे विसरतात. एमएच 43 असो की एमएच 04, वाहन पोर्टलवर गाडीला जोडलेला जुना मोबाइल नंबर तसाच राहिला की ई-चलनाचे संदेश परक्याला जातात आणि दंड साठत राहतो. तिथे मोबाइल बदलायला गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणीची तारीख मागतात. सगळं आरसीवर असतं, फक्त आरसी समोर ठेवून बसा. जुन्या स्मार्टकार्डवरचे आकडे पुसट झालेले असतात. तसं असेल तर विमा पॉलिसी उघडा, चासी आणि इंजिनचे आकडे त्यावरही छापलेले असतात.